कुणी सलाम केला, तर आपण काय म्हणायचं?

(वाळूज येथील फेडरेशनच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या बोलण्याचा मजकूर)

सगळ्या तायांना नमस्कार, जय भीम, राम राम, आणि मागच्या रांगेत बसलेल्या आपा आणि भाभींना आदाब.

बघा, एवढं म्हणेपर्यंत चार जणी हसल्या. हे हसू कुठून येतं त्याबद्दलच आज बोलायचंय. हप्ते, थकबाकी, दशसूत्री हे सगळं नेहमीचं आहेच, ते जेवणानंतर घेऊ.

मी महिन्यात वीस-बावीस गटांच्या बैठकांना बसते. वाळूज गाव, रांजणगाव, जोगेश्वरी, घाणेगाव, बजाजनगर. एमआयडीसी आल्यापासून आपल्याकडं कुठली कुठली माणसं राहायला आली ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, कारण खोल्या तुम्हीच भाड्यानं दिल्यात आणि डबेही तुम्हीच देता. गटातही तसंच झालं. पूर्वी एका गल्लीतल्या, एका भावकीतल्या दहा जणींचा गट असायचा. आता एकाच गटात परभणीची, बिहारची, शहागंजातून लग्न होऊन आलेली, अशा सगळ्या असतात. बैठकीत मी एक गोष्ट पाहते. एखादी मुस्लिम भाभी दारातून आत येते आणि सवयीनं म्हणते, “सलाम अलेकुम.” मग काय होतं? दोघी जणी मान हलवतात, एक जण “हां हां, या बसा” म्हणते, एक जण सतरंजीकडं बघते, आणि कुणीतरी तेच वाक्य परत तिच्याकडं फेकते, “सलाम अलेकुम.” पुढच्या बैठकीला ती भाभी काहीच न बोलता येऊन बसते. त्याच्या पुढच्या बैठकीला बचतीचे पैसे शेजारणीच्या हाती पाठवते. आपण रजिस्टरमध्ये लिहितो, ‘गैरहजर’.

म्हणून आज उत्तर द्यायला शिकू. तीन-चारच नमस्कार घेऊ, पण नीट घेऊ.

सलामपासून सुरू करते, कारण सगळ्यात जास्त घोटाळा तिथंच आहे.

पहिली अडचण आपल्या मराठीची आहे. मराठीत ‘सलाम’ म्हटलं की डोळ्यापुढं काय येतं? साहेबाला सलाम ठोकला. मुजरा, सलाम, लाचारी. म्हणून बाई मनात म्हणते, ‘मी का सलाम करू, मी काय तिच्या हाताखाली आहे?’ पण भाभी जे म्हणते ते वेगळं आहे. अरबीत सलाम म्हणजे शांती, खुशाली, काही अपाय न होणं. आपण म्हणतो ना, “पोरगी रातच्याला सहीसलामत घरी पोचली”? त्यातलं ‘सलामत’ याच घरातलं आहे. ‘अस्सलामु अलैकुम’ म्हणजे ‘तुमच्यावर शांती असो’. आपल्याकडं आजी ‘सुखी राहा’ म्हणते ना, तसंच. लहानानं मोठ्याला म्हणावं, मोठ्यानं लहानाला म्हणावं, नवऱ्यानं बायकोला म्हणावं, सगळ्यांना चालतं. यात कुणी खाली नाही आणि कुणी वर नाही.

आता उत्तर. इथं नीट ऐका, कारण चूक इथंच होते. आपल्या ‘नमस्कार’ला ‘नमस्कार’ असं उत्तर असतं, ‘राम राम’ला ‘राम राम’. ज्याचं त्याला परत. सलाम तसा नाही. त्यात शब्द उलटतात. ती म्हणते, ‘शांती तुमच्यावर’. तुम्ही म्हणायचं, ‘आणि तुमच्यावरही शांती’. ते असं: ‘व अलैकुम अस्सलाम’. सुरुवातीचा ‘व’ म्हणजे ‘आणि’. मराठीतही आपण अर्जात लिहितो, ‘अध्यक्ष व सचिव’. तोच ‘व’ आहे, तो मराठीत तिकडूनच आला. हा ‘व’ लक्षात ठेवला की सगळं लक्षात राहतं. तुझं मला मिळालं, ‘आणि’ माझंही तुला घे, असा तो अर्थ आहे.

पुस्तकातला उच्चार तसा आहे, पण आपल्या भागातल्या भाभी दखनीत सरळ बोलतात. त्या म्हणतात ‘सलाम अलेकुम’ आणि उत्तर देतात ‘वालेकुम सलाम’. तुम्ही तेवढंच म्हणा. कुणीही चूक काढणार नाही. एकदा सगळ्या म्हणा बरं. वा-ले-कुम स-लाम. ‘सलाम’मधला ‘ला’ गिळू नका, मोकळा म्हणा. फार घाईत म्हटलं की त्याचं ‘साम’ होतं, आणि अरबीत त्या शब्दाचा अर्थ मरण असा आहे. मुद्दाम कुणी म्हणत नाही, आणि तुमच्या बोलण्यावरून कुणी तसं धरणारही नाही, पण मोकळं म्हणायला काय जातं?

कधी कधी त्या मोठं म्हणतात: ‘अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाहि व बरकातुहू’. शांती, दया आणि बरकत असो, असा अर्थ. घाबरू नका. त्या एकमेकींना तेवढंच मोठं उत्तर देतील, तुमचं ‘वालेकुम सलाम’ पुरतं.

एवढा आग्रह का, ते सांगते. त्यांच्यात सलाम करणं ही चांगली रीत मानली जाते, पण सलामचं उत्तर देणं हे कर्तव्य मानलं जातं. कुराणाच्या चौथ्या अध्यायात ते आहे: कुणी अभिवादन केलं तर तेवढंच किंवा त्याहून चांगलं परत करा. म्हणून उत्तर न मिळाल्याचं आपल्याला जेवढं वाटेल त्याहून त्यांना जास्त लागतं. आपल्याकडं कुणी ‘राम राम’ केला आणि समोरचा गप्प गेला, तर आपण म्हणतो ‘असेल कामात’. त्यांच्याकडं तो गप्पपणा म्हणजे समोरच्यानं शांती घेतलीच नाही असा होतो. लहानपणापासून शिकवलेलं असतं ते. त्यांची एक सोयही आहे: दहा जणी बसलेल्या असतील आणि त्यातल्या एकीनं उत्तर दिलं, तरी सगळ्यांचं झालं असं धरतात. त्यामुळं गटात निदान अध्यक्ष किंवा सचिव, एका कुणीतरी मोठ्यानं म्हटलं तरी भागतं.

आता तुमच्या मनातला प्रश्न. तो बैठकीत कुणी विचारत नाही, मला गाडीपाशी येऊन हळूच विचारतात. “ताई, आपण असं म्हटलं तर आपल्या धर्माला काही होतं का? आपण त्यांच्यातले होतो का?” नाही होत. त्या शब्दांत कबुली नाही, शपथ नाही. ‘तुमच्यावरही शांती असो’ एवढंच आहे. कपाळावरचं कुंकू कपाळावरच राहतं. घरी सासूबाईंनी विचारलं तर हाच अर्थ त्यांनाही सांगा. माझा अनुभव असा की अर्थ कळला की जुन्या बाया लवकर ऐकतात. त्यांच्या लहानपणी गावात हे चालतच होतं. खुलताबादच्या उरुसाला जाणाऱ्या आपल्या आज्या काय तोंड मिटून जात होत्या?

पण दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगते. आपण आपणहून पहिल्यांदा ‘सलाम अलेकुम’ म्हणायचं का? यावर मुस्लिम कुटुंबांत सगळ्यांचं मत एक नाही. बहुतेकींना आवडतं, चेहरा खुलतो. काही घरांत मात्र हे वाक्य आपसातलं मानतात. म्हणून सुरुवात आपण करायची असेल तर एक शब्द बिनधोक आहे, ‘आदाब’. त्याचा अर्थ आदर. पूर्वी हैदराबाद संस्थानात, म्हणजे आपल्याच मराठवाड्यात, कचेरीत आणि बाजारात हिंदू-मुसलमान दोघंही तो वापरत. उजवा हात थोडा वाकवून कपाळाजवळ न्यायचा, मान किंचित झुकवायची, ‘आदाब’. उत्तरही ‘आदाब’, किंवा जुनी माणसं ‘तस्लीम’ म्हणतात. हात उजवाच, डावा नाही. आणि काहीच आठवलं नाही तर आपला ‘नमस्कार’ आहेच, तो कुणाला खटकत नाही.

उलटही तेच लागू. बैठकीच्या सुरुवातीला आपण देवाच्या नावाचा जयघोष करतो आणि मग एखादी भाभी गप्प बसली की तिच्याकडं बघतो. तिच्याकडून ते म्हणवून घेऊ नका. ती ‘नमस्ते’ किंवा ‘आदाब’ म्हणाली तर तेच तिचं पूर्ण उत्तर आहे.

आता एक घटना अशी धरा. तुमच्यातल्या दोघी जणी कर्जाच्या हप्त्यासाठी रांजणगावात एका मुस्लिम सदस्याच्या घरी गेल्या. दाराला पडदा आहे. पडदा उचलून आत घुसायचं नाही, बाहेरूनच आवाज द्यायचा, “आदाब, भाभी आहात का?” आतून तिची सासू म्हणते, “सलाम अलेकुम, आओ आओ.” आता हप्त्याचं नाव काढायच्या आधी, चप्पल काढता काढता म्हणायचं, “वालेकुम सलाम, अम्मा.” सासूबाई वयानं मोठ्या आहेत, म्हणून ‘अम्मा’ किंवा ‘खाला’ म्हणा. खाला म्हणजे मावशी. मोठ्या बहिणीला ‘आपा’ किंवा ‘बाजी’. नुसत्या नावानं हाक मारू नका. त्या कदाचित तुमच्या डोक्यावर हात ठेवून ‘जीती रहो’ म्हणतील, तेव्हा मान थोडी खाली करायची, बस्स. तुम्ही वयानं मोठ्या असाल आणि नव्या सुनेनं तुम्हाला सलाम केला, तर आधी ‘वालेकुम सलाम’ म्हणा आणि मग खुशाल आपलं ‘सुखी राहा बाई’ म्हणा. नुसताच आशीर्वाद दिला तर तिचा सलाम अर्धा राहतो. घरात कुणी नमाज पढत असेल तर त्या माणसाला आवाज देऊ नका, सलामही करू नका. तो नमाजीत उत्तर देऊ शकत नाही. बाजूला बसून थांबा, दहा-एक मिनिटांत होतं. घरातला पुरुष बाहेर आला आणि त्यानं सलाम केला तर तोंडी उत्तर द्यायचं, फार तर उजवा हात छातीवर ठेवायचा. हात मिळवायला पुढं करायचा नाही, बहुतेक घरांत त्यांनाही ते अवघड होतं. निघताना त्या म्हणतील ‘खुदा हाफिज’ किंवा ‘अल्लाह हाफिज’, म्हणजे देव तुमची राखण करो. हे मात्र जसंच्या तसं परत करायचं असतं, इथं उलटापालट नाही. म्हणायला जड वाटलं तर ‘येते अम्मा’ म्हटलं तरी चालतं.

आणि हो, हे सगळं झाल्यावर हप्ता मागायचाच. सलाम केला म्हणून हप्ता माफ नाही!

इथं मध्येच आपल्या घरचं एक सांगते. ‘जय भीम’ कुणी सुरू केलं, माहिती आहे का? नागपूरजवळच्या कामठीचे बाबू हरदास, बिडी कामगारांचे पुढारी, बाबासाहेबांचे सहकारी. १९३९ साली ते गेले, तेव्हा तरुणच होते. त्यांच्याबद्दल असं सांगितलं जातं की मुसलमान लोक एकमेकांना सलाम करतात आणि त्याला ठरलेलं उत्तर येतं, हे पाहून त्यांच्या मनात आलं की आपल्या माणसांचंही असं काही असावं. एकानं ‘जय भीम’ म्हणायचं, दुसऱ्यानं ‘बल भीम’. पुढं ‘बल भीम’ मागं पडलं आणि दोन्हीकडून ‘जय भीम’ झालं. म्हणजे आज आपल्याकडं ‘जय भीम’ला उत्तर ‘जय भीम’च. कुणी ‘जय भीम’ केल्यावर मुद्दाम ‘नमस्कार’ म्हणणाऱ्या बाया मी पाहिल्यात. ऐकणारीला तो ‘नमस्कार’ कसा ऐकू येतो, हे तिलाच विचारा. यावर मी जास्त बोलत नाही, मराठवाड्यात राहणाऱ्यांना ते कळतं.

आता सत श्री अकाल.

आपला याच्याशी संबंध दोन ठिकाणी येतो. एक, हायवेवरचे ढाबे आणि ट्रकवाले. काही गटांचे पापड, मसाले तिथं जातात. दुसरं, नांदेड. गटाची सहल निघाली की सचखंड गुरुद्वारा ठरलेला. गुरु गोविंदसिंगजींचं १७०८ मध्ये तिथं देहावसान झालं, म्हणून शिखांच्या पाच तख्तांपैकी एक तख्त आपल्या मराठवाड्यात आहे.

‘सत श्री अकाल’ची फोड करा. सत म्हणजे सत्य. श्री आपल्याला माहीतच आहे. अकाल म्हणजे दुष्काळ नव्हे, हिंदीतला तो अर्थ इथं घेऊ नका. ज्याला काळ नाही, जो काळाच्या पलीकडं आहे, तो अकाल, म्हणजे परमेश्वर. म्हणून शिकताना ‘अ’ सोडू नका. ‘सत श्री काल’ म्हटलं की नेमका अर्थ उलटतो. पंजाबी माणसं घाईत स्वतःच ‘सासरीकाल’ म्हणतात, ते ऐकून आपल्याकडं हशा होतो, पण तुम्ही नवीन आहात, तुम्ही पूर्ण म्हणा. उत्तर अगदी सोपं आहे: ‘सत श्री अकाल’ला ‘सत श्री अकाल जी’. दोन्ही हात जोडून. शब्द उलटायचे नाहीत. मजेची गोष्ट म्हणजे ते शब्द मुळातच उत्तर आहेत. गुरुद्वाऱ्यात एक जण मोठ्यानं म्हणतो ‘जो बोले सो निहाल’ आणि सगळी संगत एका आवाजात म्हणते ‘सत श्री अकाल’. नांदेडला हे ऐकाल तेव्हा तुम्हीही म्हणू शकता, कुणी अडवत नाही. डोक्यावर पदर मात्र हवा.

एक मोठं अभिवादन आहे: ‘वाहेगुरूजी का खालसा, वाहेगुरूजी की फतेह’. जे अमृत घेतलेले, पूर्ण नियम पाळणारे शीख असतात ते हे म्हणतात. त्याचं उत्तर तेच पूर्ण वाक्य असतं. आपल्याला ते जमेलच असं नाही. अर्धवट म्हणून तोडण्यापेक्षा हात जोडून ‘सत श्री अकाल जी’ म्हणा. आणि ढाब्यावर मालकाशी बोलताना ‘सरदारजी’ म्हणा, ‘भाईसाब’ म्हणा, पण त्यांच्यावरचे ते विनोद पोरांना सांगू देऊ नका. माल परत आला तर मला फोन करू नका.

वणक्कम. हे तमिळ. याचा उच्चार आपल्याइतका चांगला हिंदीवाल्यांना येत नाही, कारण त्यांची जीभ ‘वनक्कम’ म्हणते. आपल्याकडं ‘ण’ आहे. बाण, पाणी, वणक्कम. शेवटी ‘मा’ करू नका, ‘म’वर ओठ मिटवायचे. वाकणं, वंदन करणं असा अर्थ. हात जोडून ‘वणक्कम’, उत्तर ‘वणक्कम’. सकाळ-संध्याकाळ तेच.

चूक होते ती वेगळीच. आपण दक्षिणेतल्या सगळ्यांनाच ‘मद्रासी’ म्हणतो आणि सगळ्यांना ‘वणक्कम’ करतो. बजाजनगरमध्ये शेजारी राहणारी बाई तेलंगणाची असेल तर ती ‘नमस्कारम’ म्हणेल, कर्नाटकची असेल तर ‘नमस्कारा’, केरळची ‘नमस्कारम’. तिला ‘वणक्कम’ करणं म्हणजे आपल्याला कुणी ‘केम छो’ करणं. म्हणून आधी विचारा, “तुमचं गाव कोणतं?” तेवढं विचारलेलं कुणालाही आवडतं.

आणि तमिळ घरात ओळख झाली की ‘वणक्कम’ मागंच पडतं. तुम्ही डबा घेऊन दारात गेलात की ती म्हणेल ‘वांगा’, म्हणजे ‘या’. मग विचारेल, ‘साप्टींगळा?’ म्हणजे ‘जेवलात का?’ आपल्यासारखंच, बरं का. हे आमंत्रण नसतं, विचारपूस असते. ‘साप्टाच्चु’ म्हणायचं, ‘जेवण झालं’. निघताना तमिळ बाई ‘जाते’ म्हणत नाही. ती म्हणते ‘पोयिट्टु वरेन’, म्हणजे ‘जाऊन येते’. आपल्याकडं दारात उभं राहून ‘जाते’ म्हटलं की आजी ओरडते ना, “येते म्हण!” अगदी तेच. त्याला घरातल्या बाईचं उत्तर असतं, ‘पोयिट्टु वांगा’, ‘जाऊन या’. हे दोन शब्द पाठ केलेत तर तुमच्या डब्याचं गिऱ्हाईक कुठं जात नाही.

बोलून झाल्यावर तुम्ही तीन प्रश्न विचारले, त्यांची उत्तरंही इथंच लिहिते.

एकीनं विचारलं, फोनवर काय? फोनवरही तेच. समोरून ‘सलाम अलेकुम’ आलं की ‘हॅलो’ म्हणू नका, ‘वालेकुम सलाम’ म्हणा आणि मग आपलं नाव सांगा. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर कुणी सलाम लिहिला तर हात जोडल्याचं चित्र टाकण्याऐवजी मराठीत ‘वालेकुम सलाम’ लिहा, चार अक्षरं जास्त लागतात एवढंच.

दुसरीचा प्रश्न चांगला होता. गटात दोनच मुस्लिम सदस्य आहेत, मग सगळ्या गटानं रोज सलाम करायचा का? नाही. बैठक सुरू करताना जे तुमचं ठरलेलं आहे ते चालू द्या. ज्या कुणी ज्या शब्दात आत येऊन अभिवादन करतील, त्याच शब्दाचं उत्तर द्या. हजेरी घेताना सचिवानं प्रत्येकीशी एकदा नजर भिडवून तेवढं करावं, दहा जणींना मिनिटभर लागतो.

तिसरीनं विचारलं, मी चुकीचं म्हटलं आणि ती हसली तर? मग तिलाच विचारा, “कसं म्हणायचं, एकदा सांगा ना.” जोगेश्वरीच्या एका गटात असंच झालं. भाभीनं सगळ्यांकडून दोनदा म्हणवून घेतलं, आणि मग तीच म्हणाली, “अब मेरे को बताओ, वो ‘जय हरी माउली’ बोले तो क्या बोलना?” तिला काय सांगायचं यावर त्या गटाचं अजून एकमत झालेलं नाही. तुमच्या गटात काय म्हणता ते पुढच्या बैठकीत मला सांगा.